तळ्याच्या पाण्यातला डीओ कसा मोजायचा आणि रिपोर्टमधे तापमान, सांडपाणी यांच्याशी कसा जोडायचा

पर्यावरणाच्या प्रोजेक्टमधे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ मोजायला सांगतात, आणि टायट्रेशन दोनचार वेळा केलं की हात बसतो, खरा गोंधळ नंतर सुरू होतो. पुस्तकात वाचलेलं असतं की पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो. तळ्यावर जाऊन मोजलं तर दुपारी तापमान पण जास्त आणि डीओ पण जास्त! मग वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि लोक ते रीडिंग सोडून देतात किंवा पुस्तकाशी जुळेल असं काहीतरी वाक्य रिपोर्टमधे लिहून टाकतात. प्लीज असं करू नका, बहुतेक वेळा तुमचं रीडिंग बरोबर असतं आणि रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तेच सांगत असतं. ते कसं वाचायचं यासाठी हा लेख आहे.

मी इथे विंकलर पद्धत धरून लिहितोय, म्हणजे बाटली, रसायनं आणि ब्युरेट. ही 1888 सालची पद्धत आहे आणि आजही डीओ मीटर बरोबर दाखवतोय का हे तपासायला हीच वापरतात. तुमच्याकडे मीटर असेल तरी पायरी 1 आणि पायरी 7 पासून पुढचं सगळं तुम्हाला तसंच लागू आहे.

1. आधी जागा आणि वेळ ठरवा

तळ्यातल्या डीओवर एकाच वेळी तीन गोष्टी काम करत असतात. पहिली तापमान, ते ठरवतं की पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मावेल. दुसरी शेवाळ आणि पाणवनस्पती, त्या उजेडात ऑक्सिजन सोडतात आणि रात्री स्वतःच श्वासासाठी वापरतात. तिसरी सेंद्रिय घाण, म्हणजे सांडपाणी, कुजणारी पानं, शेण वगैरे, ती खाणारे जिवाणू दिवसरात्र ऑक्सिजन खर्च करत असतात. एकच सॅम्पल घेतलं तर या तिघांचा हिशोब वेगळा करताच येत नाही, मग नंतर कितीही डोकं लावा.

म्हणून कमीत कमी दोन जागा आणि दोन वेळा घ्या. एक जागा जिथे नाला किंवा सांडपाणी तळ्यात येतं तिथे, आणि दुसरी त्याच्यापासून लांब, पलीकडच्या काठाला, पण दोन्हीकडे खोली साधारण सारखी असू द्या आणि एक सावलीत एक उन्हात असं नको. वेळ म्हणजे एक सूर्य उगवायच्या आसपास आणि एक दुपारी दोन ते चारच्या मधे. पहाटेचं सॅम्पल टाळायचा मोह होतो, पण रात्रभर ऑक्सिजन फक्त खर्चच झालेला असतो त्यामुळे दिवसातला सगळ्यात कमी डीओ तेव्हाच मिळतो, आणि प्रदूषणाबद्दल काही बोलायचं असेल तर तोच आकडा कामाचा आहे. फक्त सकाळी अकराला जाऊन आलेल्या माणसाला हा आकडा कधीच दिसत नाही.

खोली दोन्ही वेळा सारखीच ठेवा, पृष्ठभागाच्या साधारण 30 सेंटीमीटर खाली चालेल. तळाजवळ गाळाशेजारी डीओ वरच्यापेक्षा बराच कमी असू शकतो त्यामुळे सकाळी वरून आणि दुपारी खालून घेतलं तर तुलना गेली.

2. सामान

तळ्यावर न्यायचं:
- 300 मिलीच्या बीओडी बाटल्या, काचेच्या बुचाच्या. प्रत्येक जागेला प्रत्येक वेळी दोन, म्हणजे एक रीडिंग दुसऱ्याने तपासता येतं. बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण किती ऑक्सिजन मागतेय त्याचं माप, ते पायरी 8 मधे येईल, त्यासाठी न्यायच्या पाण्याला वेगळी मोठी बाटली.
- थर्मामीटर, अर्ध्या अंशापर्यंत तरी वाचता येणारा
- मँगनीज सल्फेटचं द्रावण आणि अल्कली आयोडाइड अझाइडचं द्रावण, दोघांना वेगवेगळी पिपेट
- रबराची नळी, अंधारा डबा किंवा जाड कापड, हातमोजे, गॉगल
- वही आणि पेन्सिल (शाईचं पेन ओल्या हातात पसरतं)

लॅबमधे लागणारं: सल्फ्युरिक ॲसिड (तीव्र), 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेट, 0.025 नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, पोटॅशियम आयोडाइड, ताजं स्टार्च, ब्युरेट, कोनिकल फ्लास्क.

अझाइड विषारी आहे आणि त्याच्या स्टॉक द्रावणात ॲसिड पडलं तर विषारी वायू निघतो, त्यामुळे ते दोन्ही जवळजवळ ठेवू नका आणि उरलेलं सिंकमधे ओतू नका, लॅबमधल्या माणसाला विचारून त्याची विल्हेवाट लावा. पिपेट तोंडाने ओढायची तर अजिबातच नाही.

3. थायोसल्फेटची खरी ताकद काढून घ्या

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात कारण बाटलीवर 0.025 लिहिलेलं असतं. पण थायोसल्फेट ठेवल्या ठेवल्या हळूहळू विघटित होतं, महिन्यापूर्वी बनवलेलं असेल तर ताकद उतरलेली असू शकते, आणि मग तुमचे सगळे डीओ आकडे एकाच दिशेने वाढलेले येतात. एकाच दिशेने असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

साधारण 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा, थोडं पातळ सल्फ्युरिक ॲसिड घाला, मग डायक्रोमेट बरोबर 20 मिली पिपेटने घाला आणि पाच मिनिटं अंधारात ठेवा. मग थायोसल्फेटने टायट्रेट करा, रंग फिका पिवळा झाला की स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब. इथे शेवट पूर्ण रंगहीन होत नाही, क्रोमियममुळे अगदी फिकट हिरवट राहतो, त्याला घाबरू नका आणि तो घालवायला अजून थेंब टाकत बसू नका.

समजा 21.0 मिली लागलं. मग ताकद = 20 × 0.025 ÷ 21.0 = 0.0238 नॉर्मल. म्हणजे जवळजवळ पाच टक्के उतरलेली. पुढची सगळी गणितं मी याच आकड्याने करून दाखवतो.

4. बाटली भरणं

सगळी पद्धत या पायरीवर उभी आहे, कारण हवेत ऑक्सिजन भरपूर आणि पाण्यात अगदी थोडा, त्यामुळे पाणी खळखळलं की बाहेरचा ऑक्सिजन आत शिरतो. बादलीने पाणी काढून वरून बाटलीत ओतलं तर सकाळच्या कमी डीओच्या सॅम्पलमधे हमखास जास्त आकडा येणार.

सॅम्पलर असेल तर त्याची नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या, पाणी हळू सोडा आणि बाटली भरून वाहू द्या, निदान बाटलीच्या दुप्पट तरी पाणी वाहून गेलं पाहिजे म्हणजे सुरुवातीला हवेला लागलेलं पाणी निघून जातं. सॅम्पलर नसेल तर बाटली आडवी धरून पाण्याखाली न्या, बूच पाण्याखालीच काढा, हळूहळू तिरकी करून भरू द्या आणि बूच पाण्याखालीच लावा. बाहेर काढल्यावर उलटी करून बघा, एक जरी बुडबुडा दिसला तरी ते सॅम्पल टाकून द्या आणि परत भरा. गाळ ढवळला जाणार नाही असं उभं राहा, पाय टाकून गढूळ केलेलं पाणी घेऊ नका.

तापमान त्याच क्षणी, त्याच खोलीवर, तळ्यातच घ्या. बाटलीत नंतर घेतलेलं तापमान हे बाटलीचं असतं, आणि पुढे टक्केवारी काढताना एकदोन अंशांच्या चुकीनेही आकडा हलतो.

5. जागेवरच फिक्स करा

बाटलीत जिवाणू आणि शेवाळ जिवंत असतात, तुम्ही लॅबला पोचेपर्यंत ते ऑक्सिजन खातच राहतात. म्हणून लगेच, काठावरच, बूच काढून 2 मिली मँगनीज सल्फेट आणि मग 2 मिली अल्कली आयोडाइड अझाइड घाला, दोन्ही वेळा पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली धरून. बूच लावताना थोडं पाणी वरून सांडेल, ते ठीक आहे, त्याचा हिशोब पुढे करतो. बुडबुडा न राहता बूच लावा आणि बाटली पंधरावीस वेळा उलटसुलट करा.

आता साक्याचा रंग बघा. तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ नाही. हा रंग वहीत लिहून ठेवा, नंतर टायट्रेशनचा आकडा विचित्र आला तर या नोंदीवरून कळतं की चूक तळ्यावर झाली की लॅबमधे. साका पांढरा आणि डीओ 6 असं होऊ शकत नाही.

साका अर्ध्या बाटलीपर्यंत खाली बसू द्या, परत एकदा हलवा, परत बसू द्या. मग 2 मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घाला, बूच लावा, हलवा, साका विरघळून पाणी पिवळं ते तपकिरी होतं. ॲसिड घालताना वरचं पाणी सांडलं तर ऑक्सिजन गेला का असं सगळे विचारतात, तर नाही, ऑक्सिजन तेव्हा खाली बसलेल्या साक्यात अडकलेला असतो, सांडतं ते वरचं नितळ पाणी. म्हणूनच साका नीट बसायच्या आत ॲसिड घालायची घाई करायची नाही. आता मोकळं झालेलं आयोडीन म्हणजेच तुमचा ऑक्सिजन, आणि ते उजेडात आणि उघड्यावर उडतं, त्यामुळे बाटल्या अंधारात ठेवा आणि त्याच दिवशी, काही तासांतच टायट्रेट करा.

दुपारच्या सॅम्पलची एक वेगळी अडचण आहे. पाण्यात मावतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन असेल तर बाटली हातात गरम झाली की आतल्या आत बुडबुडे सुटायला लागतात. तेव्हा दुपारी फिक्स करायला एक मिनिटही थांबू नका आणि बाटली सावलीत धरा.

6. टायट्रेशन

बाटलीतलं 203 मिली मोजून फ्लास्कमधे घ्या. 203 च का, तर 300 मिलीच्या बाटलीत तुम्ही 4 मिली रसायन घातलं आणि तेवढंच तळ्याचं पाणी बाहेर गेलं, त्यामुळे मूळचं 200 मिली पाणी आता 203 मिलीत आहे. तुमच्या लॅबमधे एकेक मिली रसायन घालायची पद्धत असेल तर 201 मिली घ्या.

फिका, गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येईपर्यंत थायोसल्फेट सोडा, मग स्टार्च दोन मिली, मग निळा रंग पहिल्यांदा जाईल तिथे थांबा. स्टार्च आधीच घातला तर आयोडीन त्याला चिकटून बसतं आणि शेवट लांबत जातो. थोड्या वेळाने निळा रंग परत आला तर तिकडे लक्ष देऊ नका, पहिला शेवटच खरा. मात्र लगेच आणि परत परत निळा होत असेल तर पाण्यात नायट्राइट आहे आणि तुमचं अझाइड जुनं किंवा कमी पडलंय, हे सांडपाणी मिसळलेल्या जागेवर होतं.

सूत्र असं:

डीओ (मिग्रॅ प्रति लिटर) = ब्युरेट रीडिंग × नॉर्मॅलिटी × 8000 ÷ 200

नॉर्मॅलिटी बरोबर 0.025 असेल तर 1 मिली म्हणजे 1 मिग्रॅ, म्हणून लोक ब्युरेटचा आकडाच डीओ म्हणून लिहून टाकतात. आपलं 0.0238 आहे, म्हणून नाही चालणार. आता एक उदाहरण धरू, आकडे समजावण्यापुरते आहेत. नाल्याकडच्या जागेला सकाळी 2.2 मिली लागलं, म्हणजे 2.2 × 0.0238 × 40 = 2.1. पलीकडच्या काठाला सकाळी 5.7 मिली, म्हणजे 5.4. दुपारी नाल्याकडे 7.1 मिली म्हणजे 6.8, आणि पलीकडे 10.1 मिली म्हणजे 9.6. सकाळी दोन्हीकडे पाणी 24 अंश, दुपारी 30 अंश.

जोडीच्या दोन बाटल्यांमधे 0.2 पेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढून पुढे जाऊ नका, फरक का आला ते आधी शोधा. बहुतेक वेळा एका बाटलीत बुडबुडा राहिलेला असतो.

7. टक्केवारीत बदला, तापमानाचा हिशोब इथेच संपतो

गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मावतो याचे ठरलेले आकडे आहेत, मिग्रॅ प्रति लिटरमधे:

- 20 अंशाला 9.09
- 22 ला 8.74
- 24 ला 8.42
- 26 ला 8.11
- 28 ला 7.83
- 30 ला 7.56
- 32 ला 7.30

तळं उंचावर असेल तर हवेचा दाब कमी म्हणून हे आकडे पण कमी होतात, दर 100 मीटरला एक टक्क्याहून थोडे जास्त. 600 मीटर उंचीवर साधारण 0.93 ने गुणा. हे विसरलं तर स्वच्छ तळं पण सात टक्के ‘कमी’ दिसतं आणि ते प्रदूषणाच्या खात्यात जातं.

आता भागाकार. आपलं उदाहरणातलं तळं समुद्रसपाटीला आहे असं धरू:

- नाल्याकडे सकाळी 2.1 ÷ 8.42, म्हणजे 25 टक्के
- पलीकडे सकाळी 5.4 ÷ 8.42, म्हणजे 64 टक्के
- नाल्याकडे दुपारी 6.8 ÷ 7.56, म्हणजे 90 टक्के
- पलीकडे दुपारी 9.6 ÷ 7.56, म्हणजे 127 टक्के

आता बघा काय झालं. 24 वरून 30 अंशाला गेल्यावर पाण्यात मावणारा ऑक्सिजन कमी झाला तो 8.42 वरून 7.56, म्हणजे फक्त 0.86 ने. सहा अंशांच्या फरकाचा थेट परिणाम एवढाच. पण प्रत्यक्षात डीओ दोन्ही जागी चारपेक्षा जास्तने वाढला. म्हणजे तापमान खाली ओढत होतं आणि शेवाळाने त्याच्या कितीतरी पट वर ढकललं. पुस्तकातला नियम खोटा नाही, तो कमाल किती मावेल याबद्दल आहे, आत्ता किती आहे याबद्दल नाही.

म्हणून दिवसभराच्या रीडिंगचा तापमान विरुद्ध डीओ असा ग्राफ काढून त्यावर रेषा मारू नका. ती रेषा वर जाते कारण तापमान आणि उजेड दोन्ही एकदमच वाढतात, आणि ग्राफमधे उजेड कुठे दिसतच नाही. तापमानाचा परिणाम दाखवायचाच असेल तर वेगवेगळ्या महिन्यांतली पहाटेची रीडिंग एकमेकांसमोर ठेवा. तिथेही लक्षात ठेवा की तापमान दोन बाजूंनी काम करतं, पाण्यात मावतो कमी आणि जिवाणूंचा खर्च वाढतो, साधारण दहा अंशाला दुप्पट. त्यामुळे तेवढीच घाण गरम पाण्यात पहाटेपर्यंत डीओ जास्त खाली नेते.

100 च्या वरची टक्केवारी बघून पाणी फार छान आहे असं लिहू नका. शांत तळ्यात 127 टक्के म्हणजे शेवाळ भरपूर, आणि शेवाळ भरपूर म्हणजे खतासारखे पोषक पदार्थ भरपूर. तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन ओढतं.

8. बीओडी लावा, नाहीतर प्रदूषण हा शब्द लिहू नका

सकाळी कमी डीओ एवढ्यावरून सेंद्रिय प्रदूषण सिद्ध होत नाही, शेवाळाचा रात्रीचा श्वास, गाळ, वाऱ्याने तळाचं पाणी वर येणं, काहीही असू शकतं. सेंद्रिय घाण किती ऑक्सिजन मागतेय हे बीओडीने कळतं. पाणी 20 अंशाला पाच दिवस अंधारात ठेवायचं आणि डीओ किती उतरला ते बघायचं. भारतात 27 अंशाला तीन दिवस अशीही पद्धत आहे, कुठलीही करा पण रिपोर्टमधे स्पष्ट लिहा आणि दोन्हींचे आकडे एका टेबलमधे मिसळू नका.

घाण जास्त असेल तर बाटलीतला सगळा ऑक्सिजन पाच दिवसांच्या आधीच संपतो आणि आकडा निरुपयोगी होतो, म्हणून पातळ करावं लागतं. पातळ करायचं पाणी म्हणजे हवा खेळवलेलं डिस्टिल्ड पाणी आणि त्यात बीओडीची नेहमीची चार द्रावणं (फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड), प्रत्येकी लिटरला 1 मिली. तळ्याच्या पाण्यात जिवाणू असतातच, वेगळे घालायला लागत नाहीत. तळ्याच्या पाण्यालाही आधी 20 अंशाला आणून थोडी हवा द्या.

प्रत्येक जागेसाठी दोनतीन वेगवेगळी प्रमाणं लावा, कारण कुठलं जमेल हे आधी माहीत नसतं. प्रत्येक प्रमाणाच्या दोन बाटल्या, एकीचा डीओ लगेच, दुसरीचा पाच दिवसांनी. निवड अशी करायची की शेवटी निदान 1 मिग्रॅ उरलेला पाहिजे आणि उतार निदान 2 चा पाहिजे. नुसत्या पातळ करायच्या पाण्याची एक ब्लँक बाटली पण ठेवा, तिचा उतार 0.2 च्या वर गेला तर पाणी किंवा भांडी खराब, सगळा संच परत लावा.

आपल्या उदाहरणात नाल्याकडचं पाणी 75 मिली घेऊन 300 केलं, डीओ 8.0 वरून 4.4 झाला. उतार 3.6, प्रमाण 75 ÷ 300 म्हणजे 0.25, म्हणून बीओडी 3.6 ÷ 0.25 = 14.4. पलीकडचं 150 मिली घेतलं, 8.1 वरून 5.9, उतार 2.2, प्रमाण 0.5, बीओडी 4.4.

बाटल्या अंधारात ठेवण्याचं कारण शेवाळ, उजेड मिळाला तर ते आत ऑक्सिजन बनवतं आणि बीओडी कमी दिसतो. पण अंधारातही तेच शेवाळ श्वास घेतं आणि मरून कुजतं, म्हणजे हिरव्या पाण्याचा बीओडी थोडा शेवाळाचाच असतो. पाणी हिरवं असेल तर तेच सॅम्पल गाळून एक जास्तीची जोडी लावा. गाळल्यावर बीओडी खूप उतरला तर तो पाण्यात तरंगणाऱ्या कणांचा, म्हणजे बराचसा शेवाळाचा. फारसा उतरला नाही तर विरघळलेली घाण आहे, तिचा संशय नाल्यावर जास्त.

9. आकडे एकत्र वाचा

आता चार डीओ, चार टक्केवाऱ्या आणि दोन बीओडी समोर ठेवा आणि या क्रमाने प्रश्न विचारा.

दोन जागांमधला फरक तापमानामुळे आहे का? सकाळी दोन्हीकडे 24 अंश होतं आणि तरी डीओमधे 3.3 चा फरक आहे, म्हणजे तापमानाचा यात काही हात नाही. हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो मिळतो फक्त एकाच वेळी, एकाच तापमानाला दोन्हीकडे मोजलं म्हणून. एक जागा सातला आणि दुसरी दहाला केली असती तर हा मुद्दा हातातून गेला असता.

मग फरक शेवाळामुळे आहे का? पलीकडे दुपारी 127 टक्के आहे आणि सकाळी 64, म्हणजे तिथे शेवाळ चांगलंच काम करतंय आणि रात्री ओढतंय सुद्धा, तरीही पहाटे तिथे 5.4 उरतो. नाल्याकडे दुपारीही 90 च्या वर जात नाही आणि पहाटे 25. दोन्हीकडची दुपार ते पहाट घसरण काढली तर नाल्याकडे 4.7 आणि पलीकडे 4.2, फार वेगळी नाही. पण नाल्याकडे सुरुवातच खालून होते, आणि डीओ कमी असला की हवेतून आत येणारा ऑक्सिजन जास्त असतो, तो येत असूनही घसरण जास्त आहे. म्हणजे तिथला खर्च खरंच मोठा आहे. बीओडी 14.4 विरुद्ध 4.4 त्याच बाजूने बोलतोय.

आणि त्याचा अर्थ काय? बऱ्याच माशांना डीओ 3-4 च्या खाली गेला की ताण सुरू होतो, 2 च्या आसपास तर अनेक जाती टिकत नाहीत. नाल्याकडे दुपारी 6.8 बघून कुणीही म्हणेल पाणी ठीक आहे, आणि पहाटे त्याच जागी मासे पृष्ठभागावर तोंड काढून असतात. दुपारच्या एका रीडिंगवर पूर्ण रिपोर्ट लिहिला तर नेमकं हेच लपून राहतं.

10. रिपोर्टमधे कसं मांडायचं

टेबलमधे प्रत्येक ओळीत जागा, तारीख, वेळ, खोली, पाण्याचं तापमान, आकाश कसं होतं (ढगाळ दिवशी शेवाळ कमी ऑक्सिजन बनवतं आणि पुढची पहाट जास्त वाईट जाते), डीओ मिग्रॅमधे आणि टक्क्यात, दोन्ही. नुसते टक्के देऊ नका कारण माशांना मिग्रॅ कळतात, आणि नुसते मिग्रॅ देऊ नका कारण मग तापमान वेगळं काढता येत नाही. डीओ दशांशाच्या एकाच घरापर्यंत लिहा, कॅल्क्युलेटरवर 2.094 आलं म्हणून तेवढं लिहिणं खोटी अचूकता आहे, ब्युरेट तेवढं वाचत नाही.

चर्चेचा परिच्छेद साधारण असा लिहिता येईल: “पहाटे दोन्ही ठिकाणी पाण्याचं तापमान 24 अंश असताना नाल्याजवळ डीओ 2.1 (25 टक्के) आणि पलीकडच्या काठाला 5.4 (64 टक्के) होता, त्यामुळे हा फरक तापमानाने स्पष्ट होत नाही. नाल्याजवळचा पाच दिवसांचा बीओडी 14.4 तर पलीकडे 4.4 होता. नाल्यातून येणारे सेंद्रिय पदार्थ हे फरकाचं सर्वात संभाव्य कारण आहे. दुपारी दोन्ही ठिकाणी तापमान वाढूनही डीओ वाढला, याचं कारण प्रकाशसंश्लेषण दिसतं.” ‘सिद्ध झालं’ असं लिहू नका, ‘संभाव्य कारण’ लिहा, कारण नाल्याचं स्वतःचं पाणी तुम्ही मोजलेलं नाही. मोजलं असेल, म्हणजे तळ्यात पडायच्या आधीचा बीओडी तुमच्याकडे असेल, तर वाक्य आणखी ठाम करता येतं, आणि जमत असेल तर ते सॅम्पल घ्याच, एकाच जास्तीच्या बाटलीचं काम आहे.

मर्यादांमधे हे नक्की टाका: एकाच दिवसाची रीडिंग असतील तर ती त्या दिवसाचीच आहेत, मोठ्या पावसानंतर नाल्यातून एकदम घाण येते आणि तळातलं पाणी वर येतं, तेव्हा चित्र वेगळं दिसेल. गाळाचा ऑक्सिजन खर्च बीओडीच्या बाटलीत येतच नाही, कारण बाटलीत फक्त पाणी असतं, त्यामुळे उथळ आणि गाळाच्या तळ्यात खरा खर्च बीओडीने दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. परिशिष्टात ब्युरेटची मूळ रीडिंग, थायोसल्फेटची काढलेली ताकद आणि तारीख, ब्लँकचा उतार आणि साक्याच्या रंगाच्या नोंदी जशाच्या तशा जोडा, बाद केलेल्या बाटल्यांसकट आणि बाद का केल्या त्या कारणासकट.